बाहेरचं काम घेण्याआधी: तुमच्या करारात दडलेले तीन प्रश्न

"ऑफिस सुटल्यावर मी काय करतो, त्याच्याशी कंपनीला काय करायचंय?"

एचआरमध्ये असताना हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याची नजर घड्याळाकडे असते आणि उत्तर असतं कागदात. रुजू होताना ज्या पानांवर आपण न वाचता सह्या केल्या, त्यांत.

तो कागद उघडल्यावर माणसं सहसा एकच गोष्ट शोधतात: "दुसरं काम करू नये" असं कुठे लिहिलंय का? नाही दिसलं की फाइल बंद. खरं तर प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही एकमेकांपासून वेगळे. दुसरं काम करायची मुळात मुभा आहे का, हा पहिला. त्या कामामुळे माझं हित आणि कंपनीचं हित समोरासमोर उभं राहतं का, हा दुसरा. आणि बाहेरच्या कामात मी जे तयार करीन, ते कोणाच्या मालकीचं, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर "हो" आलं, तरी बाकीचे दोन अडचणीचे ठरू शकतात. माझ्या पाहण्यात तरी मोठी भांडणं पहिल्यावरून क्वचितच झाली.

एक उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवू. समजा, एक बाई माल तयार करणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात आहेत. कच्चा माल आणि पॅकिंगचं सामान कधी, किती आणि कुणाकडून घ्यायचं, हे त्या पाहतात. एक्सेलवर हात बसलेला. ओळखीतून एक छोटे उद्योजक त्यांना म्हणतात, "आमच्या गोदामातला माल किती उरला आणि नवा कधी मागवायचा, हे सांगणारी एक शीट करून द्याल आणि दर महिन्याला ती सांभाळाल का? तुमचे पैसे देऊ." काम सुट्टीच्या दिवशी घरी बसून करण्यासारखं. बाईंना हो म्हणावंसं वाटतं. हो म्हणण्याआधी त्यांनी काय पाहायचं?

आधी कागद गोळा करायचे. नेमणूकपत्र दोन-तीन पानांचं असतं, आणि वाचणारे बहुतेक तेवढंच वाचतात. पण त्यात जवळपास हमखास एक साधंसं वाक्य असतं: "कंपनीची वेळोवेळी लागू असलेली धोरणे या नेमणुकीचा भाग समजली जातील." या एका वाक्याच्या शेपटीला आणखी चार-पाच कागद बांधलेले असतात. कर्मचारी नियमपुस्तिका, आचारसंहिता, गोपनीयता करार, संगणक वापराचं धोरण, आणि बौद्धिक संपदेचा वेगळा करार असेल तर तोही. यांतले निम्मे पहिल्या दिवशी स्क्रीनवर "मान्य आहे" दाबून आपण स्वीकारलेले असतात. "वेळोवेळी" या शब्दाकडेही नीट पाहा. तुम्ही रुजू झालात तेव्हाचं नव्हे, आजचं धोरण पाहायचं आहे. बढतीचं किंवा बदलीचं पत्र मिळालं असेल तर तेही काढा, कारण बढतीच्या पत्रातून नवी कलमं हळूच आत येतात आणि पगाराच्या आकड्यापुढे ती कोणी वाचत नाही. एखादा कागद सापडत नसेल तर एचआरकडे प्रत मागायची. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

आता पहिला प्रश्न. बाईंच्या नेमणूकपत्रात असं कलम आहे समजा:

"कर्मचारी आपला संपूर्ण वेळ व लक्ष कंपनीच्या कामास देईल आणि कंपनीच्या पूर्वलेखी परवानगीशिवाय, मोबदला घेऊन वा न घेता, इतर कोणतीही नोकरी, व्यवसाय वा पद स्वीकारणार नाही."

हे वाक्य शब्दागणिक फोडून वाचायला हवं. "संपूर्ण वेळ" म्हणजे चोवीस तास नव्हेत. पण तेवढ्यावर समाधान मानून पुढचा भाग सोडून देऊ नका, कारण खरा दात पुढे आहे. "पूर्वलेखी" या एका शब्दात दोन अटी आहेत. परवानगी काम सुरू करण्याआधीची हवी आणि ती कागदावर हवी. "मोबदला न घेता" हे शब्द तर सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. मित्राच्या कंपनीत फुकट सल्ला देणं, घरच्या व्यवसायात कागदावर संचालक असणं, एखाद्या संस्थेचा खजिनदार होणं, हे सगळं या वाक्यात बसू शकतं. "मी पैसे कुठे घेतो?" हा बचाव या कलमापुढे टिकत नाही.

आणि "कंपनीच्या परवानगीशिवाय" म्हणजे नेमक्या कुणाच्या? तुमच्या साहेबांनी जिन्यात मान डोलावली, ती कंपनीची परवानगी नव्हे. बहुतेक धोरणांत अधिकार कुणाचा हे लिहिलेलं असतं: एचआर प्रमुख, अनुपालन विभाग, कधी दोघं मिळून. साहेबांचा होकार हवाच, पण तो पुरेसा नाही. साहेब नोकरी सोडून जातात आणि त्यांच्यासोबत तो होकारही जातो.

सगळ्यांची कलमं एवढी कडक नसतात. काहींत फक्त "स्पर्धक कंपनीसाठी काम करणार नाही" एवढंच असतं. काहींत कळवलं की पुरतं, परवानगी लागत नाही. काहींत सरसकट मनाई असते, आणि सरकारी सेवा, हिशेब तपासणी, शेअर बाजाराशी संबंध येणाऱ्या नोकऱ्या इथे तर नियम मुळातच वेगळे आणि जास्त घट्ट. करारात काहीच लिहिलेलं नसलं तरी रान मोकळं आहे असं समजू नका. नोकरीत असताना मालकाशी स्पर्धा करायची नाही आणि त्याची गुपितं वापरायची नाहीत, हे कर्तव्य बऱ्याच देशांच्या कायद्यात न लिहितासुद्धा गृहीत धरलेलं असतं.

उलटंही आहे. करारात मनाई असली म्हणून ती कायद्यापुढे टिकेलच असं नाही. युरोपीय संघाच्या 2019 च्या एका निर्देशानुसार, ठरलेल्या कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याने दुसरीकडे काम करायला मालक सरसकट बंदी घालू शकत नाही. मात्र आरोग्य आणि सुरक्षा, व्यवसायातली गोपनीयता, सार्वजनिक सेवेची सचोटी आणि हितसंघर्ष टाळणं, अशा ठोस कारणांसाठी निर्बंध घालायची वाट तिथेही सदस्य देशांना मोकळी ठेवली आहे. म्हणजे कर्मचाऱ्याच्या बाजूने झुकणारा कायदासुद्धा दुसऱ्या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

तर हितसंघर्ष. या शब्दाने माणसं दुखावतात. "म्हणजे मी बेइमान आहे का?" असा सूर लागतो. पण नियमाची कसोटी तुमच्या प्रामाणिकपणाची नसते. तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाने ही मांडणी पाहिली, तर तुमच्या निर्णयावर त्याला शंका घ्यायला जागा आहे का, एवढंच पाहायचं असतं. म्हणून चांगल्या आचारसंहितेत तीन पायऱ्या लिहिलेल्या असतात: प्रत्यक्ष संघर्ष, संभाव्य संघर्ष आणि नुसता दिसणारा संघर्ष. तिन्ही कळवायच्या असतात.

आपल्या बाईंचे हे उद्योजक पुठ्ठ्याची खोकी बनवतात. आज ते बाईंच्या कंपनीला काहीही विकत नाहीत. तर संघर्ष नाही? आज प्रत्यक्ष नाही. पण बाईंची कंपनी खोकी विकत घेते, आणि कुणाकडून घ्यायची हे ठरवणाऱ्या टेबलावर बाई बसतात. उद्या याच उद्योजकांनी दरपत्रक पाठवलं की संभाव्यचं प्रत्यक्ष झालं. दरपत्रकं उघडणारी व्यक्ती एका बोलीदाराकडून दर महिन्याला पैसे घेते आहे! त्यांचा दर खरोखर सगळ्यात कमी असला, माल सगळ्यात चांगला असला, तरी आता तो निर्णय कुणालाच निखळ वाटणार नाही. हरलेल्या पुरवठादाराला हे कळलं तर तो पहिलं पत्र बाईंच्या वरिष्ठांना लिहील.

याची दुसरी बाजू फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. शीट बनवताना बाईंना त्या उद्योजकांचा कच्चा माल कितीला पडतो, गोदामात किती दिवसांचा साठा पडून आहे, हे सगळं दिसणार. म्हणजे समोरचा माणूस दरावर अडून बसला की त्याला खाली किती ओढता येईल हे बाईंना आधीच ठाऊक. कंपनीच्या बाजूने घासाघीस करायची तर ग्राहकाचं गुपित वापरल्यासारखं होतं. गप्प राहावं तर कंपनीच्या कामात कसूर. अशा जागी प्रामाणिक राहणं कठीण असतं असं नाही, ते अशक्यच असतं, कारण दोन्हीकडचं कर्तव्य एकाच वेळी पाळता येत नाही.

म्हणून बाहेरच्या ग्राहकाबद्दल चार गोष्टी आधीच विचारून घ्यायच्या. तो माझ्या कंपनीचा स्पर्धक आहे का, पुरवठादार आहे का, ग्राहक आहे का, आणि यांपैकी काही व्हायची त्याची इच्छा आहे का. चौथा प्रश्न थेट विचारायला संकोच वाटतो, तरी तोच महत्त्वाचा. "आमच्या कंपनीशी व्यवहार करायचा तुमचा विचार आहे का?" एवढं विचारलं की पुष्कळदा सगळंच उलगडतं. काही वेळा तर असंही उघड होतं की ते काम बाईंच्या एक्सेलसाठी नव्हे, बाईंच्या खुर्चीसाठी आलं होतं.

काम स्वतःच्या नावावर न घेता नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर घ्यायचं, हा उपाय नव्हे. आचारसंहितेत जवळचे नातेवाईक बहुधा नावानिशी धरलेले असतात, आणि लपवाछपवी उघड झाली की मूळ कामापेक्षा तीच महागात पडते.

वेळेच्या संघर्षाबद्दल फार बोलत नाही. बाहेरच्या ग्राहकाचा फोन ऑफिसच्या वेळेत येणारच, आणि तो घ्यायचा नाही हे पहिल्याच दिवशी त्याला सांगायचं, इतकंच.

आता तिसरा प्रश्न, ज्याच्याकडे जवळजवळ कुणी पाहत नाही. बाईंनी केलेली ती शीट कोणाची?

याचं उत्तर करारातल्या एका शब्दप्रयोगावर कसं टांगलेलं असतं, हे दाखवणारा एक गाजलेला खटला आहे. कार्टर ब्रायंट हे मॅटेल कंपनीत बार्बी बाहुल्यांचे कपडे आणि केशरचना यांचं डिझाइन करायचे. तिथे नोकरीत असतानाच, 2000 साली, त्यांनी नव्या धाटणीच्या बाहुल्यांची कल्पना एमजीए नावाच्या दुसऱ्या कंपनीला दाखवली, तिच्याशी करार केला आणि मग मॅटेल सोडलं. 2001 मध्ये त्या बाहुल्या 'ब्रॅट्झ' या नावाने बाजारात आल्या आणि तुफान चालल्या. पुढे मॅटेलने कोर्टात सांगितलं की ही कल्पना आमच्या कर्मचाऱ्याची, म्हणजे आमची. ब्रायंट यांचं म्हणणं होतं की मूळ चित्रं मॅटेलमधल्या दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळातली, 1998 ची आहेत.

ब्रायंट यांच्या करारात असं होतं की नोकरीच्या काळात "कोणत्याही वेळी" त्यांनी लावलेले शोध कंपनीचे. "शोध" या शब्दाच्या व्याख्येत डिझाइन, सुधारणा, तांत्रिक ज्ञान असं बरंच काही होतं, पण "कल्पना" हा शब्द नव्हता. 2008 मध्ये ज्युरीने मॅटेलच्या बाजूने कौल दिला आणि सुमारे 10 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. 2010 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालय म्हणालं, "नोकरीच्या काळात कोणत्याही वेळी" याचे दोन अर्थ होतात. नेमणुकीपासून राजीनाम्यापर्यंतचा प्रत्येक क्षण, म्हणजे रात्री आणि सुट्टीचे दिवसही, हा एक अर्थ. आणि फक्त कामाच्या वेळात, हा दुसरा. कराराच्या शब्दांत नुसत्या कल्पना येतात की नाही, हेही न्यायालयाला स्पष्ट वाटलं नाही. खटला पुन्हा चालला आणि 2011 मध्ये दुसऱ्या ज्युरीने मॅटेलचा दावा फेटाळला.

रविवारी काढलेलं चित्र कंपनीचं की चित्रकाराचं, यावर दोन बलाढ्य कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या, आणि मुळाशी होता करारातला एक संदिग्ध शब्दप्रयोग. तुमच्या-माझ्याकडे असले वकील नसतात. म्हणून ते शब्द आधीच वाचलेले बरे.

वाचताना एक फरक शोधा. "नोकरीच्या काळात तयार केलेले" असं लिहिलंय, की "नोकरीच्या कामाचा भाग म्हणून तयार केलेले"? पहिल्या शब्दांनी तुमचा रविवारही जाळ्यात येऊ शकतो. दुसऱ्यांनी जाळं पुष्कळ लहान होतं. काही करारांत मधली वाट असते: स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर केलेलं आणि कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नसलेलं काम तुमचं. कॅलिफोर्नियात तर याच धर्तीचा कायदाच आहे. तिथे पूर्णपणे स्वतःच्या वेळेत, कंपनीची साधनं, सामग्री किंवा गुपितं न वापरता लावलेल्या शोधावर करारानेही हक्क सांगता येत नाही. अपवाद असा की तो शोध कंपनीच्या व्यवसायाशी किंवा तिच्या चालू वा नियोजित संशोधनाशी संबंधित असेल, किंवा कंपनीसाठी केलेल्या कामातून आलेला असेल, तर संरक्षण नाही.

वेळ आणि साधनं या कसोट्या पाळायला सोप्या. रविवार आहे, लॅपटॉप स्वतःचा आहे, इंटरनेट स्वतःचं आहे, झालं. आपल्या बाई अडकतात त्या संबंधाच्या कसोटीवर. दिवसभर त्या माल कधी मागवायचा हे ठरवतात, आणि रविवारची शीटसुद्धा माल कधी मागवायचा हेच सांगते. त्यांनी बागकामावर लेख लिहिले असते तर हा प्रश्नच उठला नसता. आपल्या हातातलं कौशल्य विकायला गेलं की बाहेरचं काम नोकरीच्या कामासारखंच दिसू लागतं, आणि बाहेरून पैसे मिळतात ते नेमके त्याच कौशल्याचे. ही कात्री सुटत नाही, ती फक्त लेखी परवानगीने बोथट करता येते. ते पुढे बघू.

त्याआधी शीटच्या आत काय जातं ते पाहू. माल पुन्हा कधी मागवायचा, याचं सूत्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतं: रोजचा सरासरी खप, गुणिले माल पोचायला लागणारे दिवस, अधिक हाताशी ठेवायचा राखीव साठा. रोज 40 नग लागतात, माल यायला 6 दिवस लागतात आणि राखीव 60 नग ठेवायचे असतील, तर साठा 300 वर आला की ऑर्डर द्यायची. हे सूत्र कंपनीचं नव्हे. ते वापरायचं कौशल्यही कंपनीचं नव्हे, ते बाईंच्या बोटांत आहे आणि नोकरी सोडली तरी त्यांच्यासोबतच जाणार. पण अमुक पुरवठादार 6 दिवस सांगतो आणि प्रत्यक्षात 9 लावतो, ही माहिती कंपनीची. कुठल्या मालाला किती राखीव ठेवायचं याचा वर्षानुवर्षं जमवलेला तक्ता कंपनीचा. आणि ऑफिसमध्ये स्वतः बाईंनीच बनवलेली फाइल, ती तर नक्कीच कंपनीची. "मीच तर बनवली होती" हा युक्तिवाद इथे अगदी निरुपयोगी आहे, कारण ती बनवण्याचाच त्यांना पगार मिळत होता.

म्हणून ऑफिसची फाइल घरी नेऊन, आकडे पुसून ग्राहकाला देण्याचा मोह टाळायचा. एक तर आकडे पुसले तरी रचना तीच राहते. दुसरं, फाइल स्वतःच बोलते. एक्सेलमध्ये `File > Info` उघडलं की फाइल मुळात कुणाच्या नावाने आणि कधी तयार झाली, हे तिथेच दिसतं. फाइल ऑफिसच्या संगणकावर जन्मलेली असेल तर कंपनीचं नावही तिच्या गुणधर्मांत बसलेलं असू शकतं. घरच्या संगणकावर, कोऱ्या पानापासून सुरुवात करायची. दोन तास जास्त जातील, जाऊ देत.

आता ग्राहकाच्या कागदाकडे वळू. तोही एक करार पुढे करेल, निदान एखादं ईमेल, ज्यात "तयार होणाऱ्या कामाची मालकी आमची" असं असेल. सही करणारा त्याच वेळी असंही वचन देतो की हे काम माझंच आहे आणि दुसऱ्या कुणाचा त्यावर हक्क नाही. नोकरीच्या कराराने तीच मालकी आधीच कंपनीला देऊन ठेवली असेल, तर आपण एकच वस्तू दोघांना दिलेली असते. हा काही कल्पनेतला धोका नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका संशोधकाने विद्यापीठाला लिहून दिलं होतं की हक्क सुपूर्द करण्यास मी कबूल आहे. पुढे संशोधनासाठी तो एका खासगी कंपनीत जाऊ लागला, तेव्हा तिथल्या कागदावर त्याने सही केली: हक्क मी याद्वारे सुपूर्द करीत आहे. "करीन" आणि "करीत आहे". प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2011 मध्ये विद्यापीठ हरलं, कारण कंपनीच्या कागदाने हक्क त्या क्षणी हललेला होता. एका क्रियापदाच्या काळाने एवढं घडतं. दुसऱ्या कुणाच्याही कागदावर सही करण्याआधी पहिला कागद शेजारी उघडून ठेवायचा.

परवानगीच्या अर्जाकडे येऊ. बहुतेक अर्ज असे असतात: "मला फावल्या वेळात थोडं फ्रीलान्स काम करायचं आहे, कृपया परवानगी द्यावी." यावर कोणताही शहाणा एचआरवाला "नाही" म्हणेल किंवा उत्तरच देणार नाही, कारण नेमकी कशाला परवानगी द्यायची तेच त्याला कळत नाही. अर्ज जितका नेमका, तितका होकार सोपा. आपल्या बाईंनी असं लिहावं:

"माझ्या नेमणूकपत्रातील इतर कामासंबंधीच्या कलमानुसार पूर्वलेखी परवानगी मागत आहे. काम: लहान व्यवसायांसाठी साठा नोंदीची एक्सेल शीट तयार करणे. वेळ: फक्त साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आठवड्याला जास्तीत जास्त 5 तास. साधने: माझा स्वतःचा संगणक व सॉफ्टवेअर. कंपनीची कोणतीही फाइल, माहिती, नाव वा ईमेल वापरणार नाही. पहिला ग्राहक पुठ्ठ्याची खोकी बनवणारा व्यवसाय असून सध्या आपला पुरवठादार नाही. मात्र आपण अशी खोकी खरेदी करतो व त्या निर्णयात माझा सहभाग असतो, हे मुद्दाम नमूद करते. या व्यवसायाने आपल्याकडे दरपत्रक दिल्यास मी तत्काळ कळवीन व त्या निर्णयातून बाजूला होईन. वरील कामातून तयार होणाऱ्या शीटवर कंपनी हक्क सांगणार नाही, हे उत्तरात स्पष्ट करावे ही विनंती."

शेवटचं वाक्य लिहायला धीर होत नाही, म्हणून लोक ते गाळतात. गाळू नका. वर सांगितलेली कात्री बोथट होते ती याच वाक्याने. आणि खोक्यांचा उल्लेख तुम्ही स्वतःहून करायचा, त्यांना शोधू द्यायचा नाही. अर्जात कमकुवत जागा आपणच दाखवली की वाचणाऱ्याचा अर्ध्याहून अधिक संशय तिथेच विरतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून अनुभवलं आहे.

उत्तर आलं नाही तर? मौन म्हणजे संमती, असं इथे चालत नाही. आठवण करायची, पुन्हा करायची, आणि तोवर काम सुरू करायचं नाही. "कळवलं होतं" आणि "परवानगी होती" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होकार आला तर तो नीट वाचायचा. तो एका ग्राहकापुरता आहे की अशा सगळ्या कामांना, एका वर्षापुरता आहे की कायमचा, आणि मालकीबद्दल काही म्हटलंय की तेवढंच वाक्य शिताफीने टाळलंय. टाळलं असेल तर पुन्हा विचारायचं. होकाराची प्रत ऑफिसच्या ईमेलबाहेरही आपल्याजवळ असली पाहिजे, कारण नोकरी सुटते त्या दिवशी तो ईमेल बंद होतो. फक्त त्या एका पत्राची प्रत, बरं का. सोबत बाकीचं काही ढकलत बसलात तर नवाच प्रश्न उभा राहील. घरी पत्र पाठवायला धोरणाची आडकाठी असेल, तर एचआरकडून सहीची छापील प्रत घ्यायची.

नकार आला तर कारण विचारावं. पुष्कळदा नकार सगळ्या कामाला नसतो, एका ग्राहकाला असतो. खोक्यांच्या जागी शिवणयंत्रं दुरुस्त करणारा व्यवसाय असता, तर बाईंचा अर्ज एका दिवसात सुटला असता.

हे वाचणाऱ्यांत असेही असतील ज्यांचं काम परवानगीशिवाय आधीच सुरू आहे. त्यांनी नवं काम घेणं थांबवावं, हातातल्या कामाचा तपशील लिहून काढावा आणि स्वतःहून कळवावं. गंभीर गुंतागुंत दिसत असेल, म्हणजे ग्राहक स्पर्धकच असेल किंवा ऑफिसची फाइल वापरली गेली असेल, तर कळवण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाशी एकदा बोलावं. एक गोष्ट मात्र अजिबात करू नये: फाइली आणि ईमेल पुसणं. चूक असते तिची पुसण्यामुळे लबाडी होते, आणि पुसल्याची नोंदही मागे राहतेच. असं काम उघडकीला येतं ते बहुधा फार साध्या वाटांनी. समाधानी ग्राहक तुमचं नाव घेऊन चारचौघांत कौतुक करतो, आणि त्या चारचौघांत तुमचा सहकारी असतो.

बाईंना परवानगी मिळाली, असं समजू. एक वर्षापुरती, मालकीचा मुद्दा मान्य करून, आणि खोकीवाल्यांनी दरपत्रक दिल्यास कळवण्याच्या अटीवर. काम सुरळीत चाललं. सात महिन्यांनी खरेदी विभागात नव्या पुरवठादारांची दरपत्रकं आली आणि त्यांत ते ओळखीचं नाव दिसलं. पाकीट तसंच बंद ठेवून बाईंनी वरिष्ठांना दोन ओळींचा ईमेल लिहिला: "खोक्यांच्या दरपत्रकांत माझ्या बाहेरच्या ग्राहकाचं नाव आहे. परवानगीच्या अटीनुसार कळवत आहे, ही खरेदी कृपया दुसऱ्या कुणाकडे द्यावी." मग त्यांनी त्या उद्योजकांना फोन केला आणि पुढच्या महिन्याचं शीटचं काम निर्णय होईपर्यंत थांबवलं. पैसे बुडाले ते एका महिन्याचे. पाकीट उघडलं सहकाऱ्याने.